रजेचा अर्ज करण्याआधी: शिल्लक, प्रकार आणि दिवस कसे तपासायचे (राज्य शासनात नव्याने रुजू झालेल्यांसाठी)

शासकीय नोकरीत नवीन आलेल्याला रजेबद्दल पहिला प्रश्न पडतो तो असा: साहेब रजा देतील का? त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे. तुम्ही नक्की कोणती रजा मागताय आणि किती दिवसांची?

याला कारण आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ प्रमाणे रजा हा हक्क नाही. कामाची निकड असेल तर मंजूर करणारा अधिकारी ती नाकारू शकतो, दिलेली रजा रद्दही करू शकतो. एक गोष्ट मात्र त्याला आपल्या मनाने करता येत नाही. तुमच्या खात्यात असलेली आणि तुम्ही मागितलेली रजा तो तुमच्या लेखी विनंतीशिवाय दुसऱ्या प्रकारात बदलू शकत नाही. म्हणजे अर्जात ‘अर्जित’ लिहिलं तर अर्जितच खर्ची पडणार, मग किरकोळ रजेत भागलं असतं तरीही. खालच्या टेबलावर कोणी तुमच्यासाठी फायद्याचा प्रकार शोधत बसत नाही. मी काही काळ आस्थापनेच्या टेबलावर काम केलं आहे, म्हणून सांगतो: त्या टेबलावर अर्जातला प्रकार, तारखा आणि शिल्लक जुळते का एवढंच बघितलं जातं. जुळलं नाही तर अर्ज त्रुटीत निघतो आणि तोवर लग्न, परीक्षा किंवा ऑपरेशन उरकून जातं.

## हाताशी काय हवं

- नियुक्ती आदेश आणि रुजू झाल्याचा अहवाल (तारखेसाठी)
- सेवापुस्तकातला रजेचा हिशेब. त्याचा नमुना ठरलेला आहे, त्याला सगळे ‘रजा खातं’ म्हणतात. तुमच्याकडे दुय्यम सेवापुस्तक असेल तर त्यातलंही पान
- कार्यालयातलं किरकोळ रजेचं रजिस्टर. ते सेवापुस्तकात नसतं, वेगळं ठेवलेलं असतं
- चालू वर्षाची शासनाची सार्वजनिक सुट्ट्यांची यादी
- आधी घेतलेल्या रजांच्या मंजुरी आदेशांच्या प्रती
- रजेच्या अर्जाचा विहित नमुना, म्हणजे रजा नियमांतला नमुना १. बहुतेक कार्यालयांत छापील किंवा टाइप केलेला मिळतो

## १. आधी बघा, हे नियम तुम्हाला लागू आहेत का

नियुक्ती आदेशात ‘महाराष्ट्र नागरी सेवा नियम लागू राहतील’ असं वाक्य असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. कंत्राटी किंवा मानधनावर असाल तर हे नियम लागू नाहीत. तुमची रजा करारात लिहिली असेल तेवढीच, त्यामुळे शेजारच्या टेबलावरच्या कायम कर्मचाऱ्याचे आकडे स्वतःला लावू नका. शाळा-महाविद्यालयांतल्या शिक्षकांचंही गणित वेगळं आहे. ज्यांना दीर्घ सुट्टी मिळते त्यांना अर्जित रजा इतरांसारखी साठत नाही.

परिविक्षेवर असाल तर आदेशातली आणखी एक अट वाचून ठेवा. लांबलचक रजा घेतली तर परिविक्षेचा काळ तेवढाच पुढे जाऊ शकतो. रजा नाकारली जाईल असं नाही, पण त्याचा परिणाम आधी माहीत असलेला बरा.

नियमांत वेळोवेळी दुरुस्त्या होतात आणि त्या शासन निर्णयांतून येतात. शंका आली तर gr.maharashtra.gov.in या संकेतस्थळावर वित्त विभागाचे निर्णय शोधता येतात. कार्यालयात फिरणारी जुनी झेरॉक्स शेवटचा शब्द मानू नका.

## २. प्रकार ओळखा: कारण वेगळं, प्रकार वेगळा

नवख्यांचा सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. आपण कारण सांगतो आणि प्रकार सांगितला असं समजतो. ‘घरगुती रजा’, ‘लग्नासाठी रजा’, ‘मेडिकल’ ही सगळी कारणं आहेत. खात्यातून वजा होतो तो प्रकार, आणि नवीन माणसाला बहुतेक वेळा चारच प्रकार लागतात.

नैमित्तिक रजा. हिलाच आपण किरकोळ रजा किंवा सीएल म्हणतो. कॅलेंडर वर्षाला ८ दिवस. ३१ डिसेंबरला उरलेली बुडते, पुढे जात नाही. अर्ध्या दिवसाचीही घेता येते. रजा नियमांच्या अर्थाने ही ‘रजा’च नाही, एक सवलत आहे. म्हणून ती सेवापुस्तकातल्या खात्यात दिसत नाही आणि दुसऱ्या कुठल्याही रजेला जोडता येत नाही. ही जोडण्याची बंदी लक्षात ठेवा, पुढे तिचं काम पडेल.

अर्जित रजा. ईएल. पूर्ण पगारी. दर १ जानेवारी आणि १ जुलैला १५ दिवस आगाऊ जमा होतात आणि ३०० दिवसांपर्यंत साठवता येतात. निवृत्तीच्या वेळी शिल्लक अर्जित रजेचे पैसे मिळतात. त्यामुळे जुने कर्मचारी ती फार जपून वापरतात.

अर्धवेतनी रजा. दर १ जानेवारी आणि १ जुलैला १० दिवस जमा. नावाप्रमाणे अर्धा पगार. अशी कोरडी अर्धवेतनी रजा कमीच जण घेतात. तिचा खरा उपयोग पुढच्या प्रकारात होतो.

परिवर्तित रजा. हिचं वेगळं खातं नाही. वैद्यकीय प्रमाणपत्र दिलं की अर्धवेतनी रजा पूर्ण पगारी करून मिळते, मात्र एका दिवसासाठी खात्यातून दोन दिवस जातात.

‘वैद्यकीय रजा’ असा स्वतंत्र कोटा या नियमांत नाही. आजारी पडलात तर तुम्ही अर्जितही मागू शकता, परिवर्तितही मागू शकता, एक-दोन दिवसांचा ताप असेल तर किरकोळही. नुसतं ‘वैद्यकीय रजा मिळावी’ असं लिहिलं की टेबलावर फोन येतो: ‘कशातून टाकू?’ तो फोन न येता परस्पर एखाद्या खात्यातून वजावट झाली तर ती तुम्हाला सहा महिन्यांनी कळते.

प्रसूती रजेबद्दल एवढंच: ती १८० दिवसांची आहे, दोनपेक्षा कमी हयात अपत्यं असलेल्या कर्मचारी महिलेला मिळते आणि रजा खात्यातून वजा होत नाही. त्यामुळे ती मागताना अर्जित किती शिल्लक आहे याची चिंता नको.

आणि असाधारण रजा, म्हणजे बिनपगारी. दुसरी कोणतीच रजा शिल्लक नसेल किंवा तुम्ही स्वतः लेखी मागितली तरच ती दिली जाते. तिचा फटका फक्त त्या महिन्याच्या पगारापुरता नसतो. पुढच्या सहामाहीत जमा होणारी अर्जित रजा बिनपगारी दिवसांच्या एक दशांशाने कमी होते, आणि वैद्यकीय कारण नसेल तर वेतनवाढीची तारीखही पुढे सरकू शकते. शिल्लक न बघता सुट्टीवर गेलेल्या माणसाची रजा बऱ्याचदा इथे येऊन पडते.

## ३. शिल्लक स्वतः मांडा, मग खात्याशी ताळा करा

टेबलावर जाऊन ‘माझी किती शिल्लक आहे?’ विचारलं की एक आकडा मिळतो. तो कधीपर्यंत अद्ययावत आहे हे कोणी सांगत नाही. बऱ्याच कार्यालयांत सहामाहीच्या नोंदी उशिरा चढतात. म्हणून आधी घरी कागदावर हिशेब करा.

एक उदाहरण घेऊ. एक कनिष्ठ लिपिक ११ मार्च २०२४ ला रुजू झाली. आज एप्रिल २०२५ ची सुरुवात आहे आणि तिला याच महिन्यात गावी जायचं आहे.

रुजू झालेल्या सहामाहीत पूर्ण १५ मिळत नाहीत. त्या सहामाहीत सेवेचे जेवढे पूर्ण कॅलेंडर महिने होतील, त्या प्रत्येकाला अडीच दिवस. मार्च अर्धवट, तो धरायचा नाही. एप्रिल, मे, जून असे तीन महिने, म्हणून साडेसात, आणि अपूर्णांक जवळच्या पूर्ण आकड्यात आणून ८. पुढे १ जुलै २०२४ ला १५ आणि १ जानेवारी २०२५ ला १५. एकूण ३८. दिवाळीत तिने ६ दिवस अर्जित घेतली होती. उरली ३२.

अर्धवेतनीचा दर पहिल्या सहामाहीत पूर्ण महिन्याला एक पूर्णांक दोन तृतीयांश दिवस. तीन महिन्यांचे ५, मग जुलैला १० आणि जानेवारीला १०. एकूण २५, वापर काहीच नाही.

किरकोळ रजा २०२५ सालची ८. जानेवारीत दोन दिवस आणि मार्चमध्ये एक अर्धा दिवस घेतला. उरली साडेपाच. गेल्या वर्षीची उरलेली विसरून जायची.

आता हा कागद घेऊन टेबलावर जा आणि खात्याशी ताळा करा. फरक निघाला तर तो बहुतेक वेळा तीनपैकी एका ठिकाणी असतो. एक, १ जानेवारीची जमा अजून चढवलेलीच नाही. दोन, रुजू झालेल्या अर्धवट महिन्याचे अडीच दिवस तुम्हीच धरलेत. तीन, उशिरा येण्याबद्दल किरकोळ रजा कापली गेली आहे आणि तुम्हाला त्याची कल्पना नाही. तिसरा प्रकार मस्टर आणि किरकोळ रजेचं रजिस्टर शेजारी ठेवल्यावरच दिसतो. मंजूर केलेली पण न भोगलेली रजा वजा झालेली असणं हाही एक प्रकार आहे. रजा रद्द करून कामावर आलात, तर रद्द झाल्याचा आदेश खात्यापर्यंत पोचला का ते बघा.

आणखी एक बारकावा आहे. अर्जित रजा आगाऊ जमा होते, म्हणजे जानेवारीतले १५ दिवस हे जून अखेरपर्यंतच्या सेवेचे आहेत. दुसरी परीक्षा पास होऊन मधेच राजीनामा द्यायचा विचार असेल तर हे विसरू नका. वरच्या उदाहरणातल्या मुलीने २० एप्रिलला नोकरी सोडली तर त्या सहामाहीचे १५ राहत नाहीत. जानेवारी ते मार्च या तीन पूर्ण महिन्यांचे अडीचच्या दराने ८ धरले जातात. तोवर जास्त वापरली असेल तर निघताना तो हिशेब समोर येतो.

## ४. दिवस मोजा: सुट्ट्या कुठे धरतात, कुठे नाही

सगळ्यात जास्त दिवस इथे वाचतात किंवा वाया जातात, म्हणून जरा सावकाश वाचा.

दोन नियम आहेत. किरकोळ रजेच्या मधे आलेल्या रविवार-सुट्ट्या किरकोळ रजेत मोजत नाहीत. अर्जित रजेच्या मधे आलेल्या सुट्ट्या मात्र रजेतच मोजतात. रजेच्या अगदी आधी किंवा अगदी नंतर लागून असलेल्या सुट्ट्या जोडून घेता येतात आणि त्या वजा होत नाहीत, पण त्यासाठी अर्जात तशी परवानगी मागावी लागते.

आता आपल्या लिपिकेचा एप्रिल २०२५ बघा. तिचं कार्यालय पाच दिवसांच्या आठवड्याचं आहे. राज्य शासनाच्या बहुतेक कार्यालयांना तो २९ फेब्रुवारी २०२० पासून लागू झाला, अत्यावश्यक सेवा त्यातून वगळल्या आहेत. गुरुवार १० ला महावीर जयंती. शुक्रवार ११ कामाचा. १२-१३ शनिवार-रविवार. सोमवार १४ ला डॉ. आंबेडकर जयंती. मंगळवार १५, बुधवार १६, गुरुवार १७ कामाचे. शुक्रवार १८ ला गुड फ्रायडे, मग १९-२० पुन्हा शनिवार-रविवार. तिला १० ते २० सलग गावी राहायचं आहे. कामाचे दिवस बुडतात फक्त चार.

पहिला विचार मनात येतो तो किरकोळ रजेचा. चार दिवस लागतात, शिल्लक साडेपाच आहे, काम झालं. पण होत नाही. किरकोळ रजेवर असताना सुट्ट्या धरून सलग किती दिवस गैरहजर राहता येतं यावर मर्यादा आहे, सर्वसाधारणपणे ७ दिवसांची. १० ते २० म्हणजे ११ दिवस. शिल्लक असूनही अर्ज परत येईल.

दुसरा विचार म्हणजे ११ ते १७ अर्जित रजा. चालतं, पण मधले १२, १३, १४ हे तीनही सुट्टीचे दिवस रजेत मोजले जातील. चार कामाच्या दिवसांसाठी ७ दिवस अर्जित. आधीचा १० आणि नंतरचे १८ ते २० जोडून घेण्याची परवानगी मागायची.

तिसरा विचार हुशारीचा वाटतो: ११ ला किरकोळ आणि १५ ते १७ अर्जित, म्हणजे मधल्या सुट्ट्या वाचतील. नाही. किरकोळ रजा दुसऱ्या रजेला जोडता येत नाही, आणि मधे फक्त सुट्ट्या असतील तर ती जोडलेलीच धरली जाते. अशी मागणी आली की टेबलावरचा माणूस पहिल्यांदा हेच बघतो.

मग काय करावं? शुक्रवारी ११ तारखेला कामावर जायची तयारी असेल तर १५ ते १७ अशी तीनच दिवस अर्जित पुरते. १२ ते १४ आधी जोडून, १८ ते २० नंतर जोडून. एक दिवस हजर राहिल्याने चार दिवस अर्जित वाचली आणि १२ ते २० असे नऊ दिवस गावी राहता आलं. किंवा १७ ला परत यायचं असेल तर ११, १५ आणि १६ अशी तीन दिवस किरकोळ रजा. १० ते १६ बरोबर सात दिवस होतात, मर्यादेत बसतात, आणि अर्जितला हातच लागत नाही.

कोणता पर्याय घ्यायचा हे घरच्या गरजेवर ठरेल. ११ तारखेलाच घरात साखरपुडा असेल तर सात दिवस गेले तरी चालतील, ३२ पैकी २५ राहतातच. पण हे चार आकडे समोर नसताना अर्ज केला तर निवड तुमची नसते.

हिशेब करताना सुट्ट्यांची यादी त्या वर्षाचीच घ्या. भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल छापलेला प्रत्येक दिवस शासकीय सुट्टीचा नसतो. स्थानिक सुट्ट्या जिल्ह्याप्रमाणे बदलतात. तुमच्या मूळ गावची स्थानिक सुट्टी तुमच्या कार्यालयाच्या जिल्ह्यात लागू नसते.

## ५. आजारपण असेल तर

आजारपणात आधीपासून नियोजन नसतं, पण प्रकार ठरवायला अर्ध्या तासाचा विचार पुरतो.

समजा याच लिपिकेला टायफॉइड झाला आणि डॉक्टरांनी नऊ दिवस विश्रांती सांगितली. अर्जितमधून घेतली तर नऊ जातील. परिवर्तित मागितली तर अर्धवेतनी खात्यातून १८ जातील आणि २५ पैकी ७ उरतील. आकड्यांकडे बघून अर्जित स्वस्त वाटते. तरी मी परिवर्तित मागायला सांगेन. अर्जित रजेला कारणाचं प्रमाणपत्र लागत नाही, ती लग्नाला, घराच्या कामाला, कशालाही चालते आणि शेवटी तिचे पैसे होतात. परिवर्तित रजा मात्र सहसा आजारपणाच्याच कामाची. जिचा दुसरीकडे उपयोग कमी ती आधी वापरावी.

फक्त पुढचं लक्षात ठेवा. आता अर्धवेतनी ७ उरली, म्हणजे परिवर्तित जास्तीत जास्त तीन दिवस मिळेल. जुलैमध्ये दहा जमा होतील तेव्हा ती पुन्हा वाढेल. परिवर्तित मागताना अर्धवेतनीची शिल्लक निम्मी करून बघा. तुम्ही मागितलेले दिवस त्या निम्म्यापेक्षा जास्त असतील तर उरलेले कोणत्या प्रकारातून हवेत ते अर्जातच लिहा, उदाहरणार्थ ‘१२ दिवस परिवर्तित व त्यापुढे ३ दिवस अर्जित’. या दोन रजा एकमेकींना जोडता येतात.

कागद दोन लागतात. जाताना आजाराचं आणि विश्रांतीच्या कालावधीचं प्रमाणपत्र, परत रुजू होताना तंदुरुस्तीचं. दुसरं नसेल तर रुजू करून घ्यायला अडवलं जाऊ शकतं. प्रमाणपत्रावरच्या तारखा आणि अर्जातल्या तारखा एक असू द्या. डॉक्टरांनी ५ तारखेपासून लिहिलं आणि तुम्ही ४ पासून मागितली, तर त्या एका दिवसाचा प्रकार पुन्हा विचारला जातो.

## ६. अर्जात आकडे कसे लिहायचे

नमुना १ मध्ये रकाने आहेतच, पण ‘रजेचा प्रकार’ आणि ‘कालावधी’ या दोन रकान्यांत मोघम लिहू नका. वरच्या उदाहरणातला तीन दिवसांचा पर्याय असा लिहिता येईल:

‘दि. १५.०४.२०२५ ते १७.०४.२०२५ या कालावधीत ३ (तीन) दिवसांची अर्जित रजा मंजूर व्हावी. रजेच्या आधीच्या दि. १२ ते १४.०४.२०२५ व नंतरच्या दि. १८ ते २०.०४.२०२५ या सुट्ट्या जोडून घेण्याची तसेच या काळात मुख्यालय सोडण्याची परवानगी मिळावी. दि. ०१.०४.२०२५ रोजी माझ्या खात्यावर अर्जित रजा ३२ दिवस शिल्लक आहे. रजेतील पत्ता: …’

शिल्लक लिहायची सक्ती नसली तरी लिहा. त्यामुळे टेबलावर खातं उघडून बघितलं जातं, आणि तुमचा आकडा चुकला असेल तर अर्ज वर जायच्या आधी कळतं. मुख्यालय सोडण्याची परवानगी वेगळी मागायची असते हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. शनिवार-रविवारी गावी जातानाही ती लागते.

अर्ज आवक करून घ्या आणि तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक-तारीख घ्या. ‘साहेबांना तोंडी सांगितलंय’ यावर निघू नका. रजा मंजूर नसताना गेलात तर ती अनधिकृत गैरहजेरी ठरू शकते, आणि तिथे प्रकार निवडण्याचा प्रश्नच उरत नाही. अचानक जावं लागलं तर निदान त्याच दिवशी मेसेज किंवा ईमेलने प्रकार, तारखा आणि कारण कळवा आणि परतल्यावर लगेच रीतसर अर्ज द्या.

## ७. मंजुरीनंतर

आदेश हातात आला की तीन गोष्टी तपासा: प्रकार, दिवसांची संख्या, जोडून मागितलेल्या सुट्ट्यांचा उल्लेख. तिसरी गोष्ट आदेशातून गळण्याची शक्यता सर्वांत जास्त. ती गळली तर जोडलेल्या सुट्ट्यांचं काय, हा प्रश्न पुढे निघतो, म्हणून तेव्हाच दुरुस्ती पत्र मागा.

प्रकार चुकीचा गेला हे नंतर लक्षात आलं तर मार्ग आहे. घेतलेली रजा मागाहून दुसऱ्या प्रकारात बदलून मिळावी अशी विनंती करता येते. अट अशी की ज्या प्रकारात बदलून हवी आहे तो प्रकार त्या वेळी तुमच्या खात्यात शिल्लक असला पाहिजे आणि तुम्हाला लागू असला पाहिजे. हा हक्क नाही, अधिकाऱ्याने मान्य केलं तरच होतं. पगारात फरक पडत असेल तर जास्त दिलेली रक्कम वसूल होते किंवा कमी दिलेली मिळते. असा अर्ज जितका लवकर तितका बरा, त्या महिन्याचं वेतन देयक तयार होण्याआधी झाला तर उत्तमच.

परत आल्यावर रुजू अहवाल द्या आणि महिनाभराने एकदा टेबलावर जाऊन रजा खात्यात नोंद चढली का, उरलेला आकडा तुमच्या कागदाशी जुळतो का ते बघा. आपला कागद दर १ जानेवारीला आणि १ जुलैला नवी जमा लिहून पुढे चालू ठेवा. बदली झाली की सेवापुस्तक नव्या कार्यालयात पोचायला वेळ लागतो. तोवर शिल्लक विचारायला तुमच्याकडे तोच कागद आणि जुन्या आदेशांच्या प्रती असतात.